हप्त्यावरची मशीन कोणाची, आणि हप्ते थकले तर ती कोण कशी नेऊ शकते

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यात किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये गाळा भाड्याने घेऊन जॉबवर्क करणाऱ्या अनेक छोट्या कारखानदारांनी आपल्या मशिनी फायनान्सवर घेतलेल्या असतात. कोणी विचारले तर सगळेच ‘मशीन हप्त्यावर घेतली’ असे सांगतात. पण त्यामागे तीन अगदी वेगळ्या प्रकारचे करार असू शकतात. हप्ते वेळेवर जात असतात तोपर्यंत त्यांतला फरक कोणाला जाणवत नाही. हप्ते थकले, मशीन विकायची वेळ आली किंवा गाळामालकाशी भाडे थकल्यावरून वाद झाला, की मशीन कोणाच्या मालकीची हा पहिला प्रश्न उभा राहतो. त्याचे उत्तर सही केलेल्या कागदात असते, आणि सही करताना तो कागद सहसा कोणी वाचलेला नसतो.

पहिला प्रकार साध्या कर्जाचा. विक्रेत्याचे बिल कारखानदाराच्या नावावर निघते, मशीन पहिल्या दिवसापासून त्याची असते आणि ती फक्त बँकेकडे किंवा फायनान्स कंपनीकडे तारण राहते. ताबाही त्याच्याकडेच असतो. यालाच हायपोथिकेशन म्हणतात. दुसरा प्रकार हायर परचेसचा, म्हणजे भाडे-खरेदीचा. यात विक्रेत्याकडून मशीन विकत घेते ती फायनान्स कंपनी, आणि ती कारखानदाराला वापरण्यासाठी भाड्याने देते. सगळे हप्ते फिटल्यावर, करारात लिहिलेली बहुधा नाममात्र रक्कम भरून मशीन विकत घेण्याचा पर्याय कारखानदाराला असतो. तो पर्याय वापरेपर्यंत मालक फायनान्स कंपनीच असते. तिसरा प्रकार लीजचा. त्यातही मालक फायनान्स कंपनी किंवा लीज कंपनी असते. मात्र मुदत संपल्यावर मशीन परत करायची असते, आणि मालकी मिळण्याचा हक्क करारात आपोआप आलेला नसतो.

मुख्यतः हायर परचेसबद्दल सांगायचे आहे, कारण गैरसमज तिथेच सर्वांत जास्त आहेत. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. रबाळे एमआयडीसीतील एका कारखानदाराने ३० लाख रुपयांची व्हीएमसी, म्हणजे उभ्या स्पिंडलची सीएनसी मिलिंग मशीन, हायर परचेसवर घेतली. ६ लाख रुपये सुरुवातीला भरले आणि उरलेल्या २४ लाखांवर ‘८ टक्के फ्लॅट’ दराने चार वर्षांची मुदत ठरली. फ्लॅट दर म्हणजे मुद्दल कमी होत गेले तरी आकार पूर्ण २४ लाखांवरच, चारही वर्षे. तो ७ लाख ६८ हजार रुपये झाला, एकूण देणे ३१ लाख ६८ हजार, आणि ४८ हप्त्यांत विभागल्यावर दरमहा ६६,००० रुपये. घटत्या शिल्लकीवर हिशेब केला तर हा दर ८ नव्हे, तर सुमारे १४.३ टक्के पडतो. जीएसटीचा हिशेब सोपेपणासाठी बाजूला ठेवला आहे. एवढे मात्र लक्षात ठेवावे की हायर परचेसला जीएसटी कायदा वस्तूचाच पुरवठा मानतो, त्यामुळे कर सुरुवातीलाच लागतो. लीजमध्ये तो प्रत्येक महिन्याच्या भाड्यावर लागतो.

कागदावरची मालकी आणि तिचे परिणाम

चार वर्षे ही व्हीएमसी कारखानदाराच्या गाळ्यात चालेल, तिची देखभाल आणि विमा त्याच्या खर्चाने होईल, तिच्यावर त्याची माणसे तीन पाळ्यांत काम करतील. तरीही कायद्याच्या दृष्टीने तो मशीनचा ताबेदार आहे, मालक नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच स्पष्ट केले की हायर परचेसमध्ये दोन गोष्टी एकत्र असतात: आधी वस्तू भाड्याने देणे आणि नंतर, अटी पूर्ण करून पर्याय वापरल्यावर, तिची विक्री. या दुसऱ्या टप्प्यापर्यंत विक्री झालेलीच नसते.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निघते. कामाची निकड म्हणून कारखानदाराने ही मशीन तुर्भ्यातल्या एखाद्या जुन्या मशिनींच्या व्यापाऱ्याला विकली, तर त्या व्यापाऱ्याला मालकी मिळत नाही, कारण ज्याच्याकडे मालकी नाही तो ती दुसऱ्याला देऊ शकत नाही. इंग्लंडमध्ये १८९५ साली एका पियानोवरून हा प्रश्न शेवटच्या न्यायालयापर्यंत गेला होता. घेणाऱ्याने काही हप्ते भरून पियानो सावकाराकडे गहाण टाकला होता. तो कधीही परत करून मोकळा होऊ शकत होता, म्हणजे विकत घ्यायला बांधलेला नव्हता; म्हणून त्याला ‘खरेदीदार’ मानता येत नाही आणि पियानो मूळ मालकाला परत मिळाला पाहिजे, असा निकाल लागला. आपल्याकडचा १९३० चा माल विक्री कायदा इंग्लंडच्या कायद्याच्या धर्तीवरच आहे, त्यामुळे हा विचार इथेही लागू पडतो. शिवाय दुसऱ्याची विश्वासाने सोपवलेली वस्तू परस्पर विकणे हा फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो, आणि एवढ्या टोकाला जाण्याचा धोका अनेकांना ठाऊकच नसतो.

याच नियमाची दुसरी बाजू कारखानदाराच्या हिताची आहे. करार खरोखर हायर परचेसचा असेल, तर त्याला मधेच मशीन परत करून, त्या दिवसापर्यंतची थकबाकी आणि करारात लिहिलेली वाजवी भरपाई देऊन बाहेर पडता येते. ऑर्डर आटल्या आणि पुढची दोन वर्षे मशीन चालणार नाही हे दिसत असेल, तर हा मार्ग वेळीच तपासावा. कर्जात असा मार्ग नसतो. मशीन परत केली तरी मुद्दल डोक्यावरच राहते.

मालकीचा प्रश्न गाळामालकाबाबतही येतो. भाडे थकले म्हणून गाळामालकाने कुलूप ठोकले, तरी आतली मशीन भाडेकरूची नाही, फायनान्स कंपनीची आहे; म्हणून काळजी घेणाऱ्या कंपन्या सुरुवातीलाच गाळामालकाकडून तसे पत्र घेतात. मशीन फाउंडेशन बोल्टने जमिनीला बांधली म्हणजे ती गाळ्याचा भाग झाली, असेही होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये सिरपूर पेपर मिल्सच्या प्रकरणात म्हटले होते की मशीन डळमळू नये म्हणून ती काँक्रीटच्या पायात बसवली, एवढ्याने ती स्थावर मालमत्ता होत नाही. ते प्रकरण उत्पादन शुल्काचे होते, पण त्यातला विचार इथेही उपयोगी पडतो.

आता सर्वांत नाजूक मुद्दा. करारावर ‘हायर परचेस’ असे मथळ्यात छापले म्हणून तो हायर परचेस ठरत नाही. सुंदरम फायनान्स विरुद्ध केरळ राज्य या १९६६ च्या निकालात ग्राहकाने वाहन आधीच स्वतः विकत घेतले होते आणि पैशासाठी फायनान्स कंपनीशी हायर परचेसचे कागद केले होते; न्यायालयाने बहुमताने त्या व्यवहाराचे खरे स्वरूप कर्जाचे आहे असे ठरवले. म्हणून स्वतःचा करार ओळखण्यासाठी आधी विक्रेत्याचे बिल कोणाच्या नावावर आहे ते पाहावे, मग शेवटी विकत घेण्याचा पर्याय आहे की बंधन आहे ते पाहावे, आणि मधेच मशीन परत करता येईल असे कलम आहे का ते शोधावे. बिल तुमच्या नावावर असेल आणि तुम्हाला शेवटपर्यंत सगळी रक्कम द्यावीच लागणार असेल, तर कागदावर काहीही नाव असले तरी ते कर्ज असण्याची शक्यता मोठी आहे, आणि ते कर्ज ठरले तर मशीन विकून कर्ज फिटल्यावर उरलेले पैसे तुमचे असतात.

लीजबाबत थोडक्यात सांगता येते. भाडे बुडाले तर लीज कंपनी करार संपवून स्वतःची मशीन परत मागते आणि पुढच्या सगळ्या महिन्यांचे भाडेही मागते. १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ तिथे उपयोगी पडते: करारात दंडाची रक्कम कितीही लिहिली असली तरी ती कमाल मर्यादा असते आणि वाजवी भरपाईच मिळते. मशीन परत मिळाली, ती दुसऱ्याला भाड्याने दिली, आणि तरीही जुन्या भाडेकरूकडून पूर्ण भाडे घेतले, असे दोन्ही बाजूंनी घेता येत नाही.

हप्ते थकल्यावर

आपल्या उदाहरणातल्या कारखानदाराने २० हप्ते, म्हणजे १३ लाख २० हजार रुपये, नियमित भरले. मग त्याच्या मुख्य गिऱ्हाइकाने बिले अडवली आणि २१, २२ आणि २३ क्रमांकाचे हप्ते राहिले. सुरुवातीचे ६ लाख धरले तर १९ लाखांहून अधिक रक्कम त्याने दिलेली आहे. एवढे भरल्यावर मशीन नेता येणार नाही, अशी समजूत सर्रास आढळते. ती चुकीची आहे.

ती समजूत अगदीच निराधार मात्र नव्हे. संसदेने १९७२ मध्ये भाडे-खरेदी कायदा मंजूर केला होता. किमतीचा ठरावीक मोठा हिस्सा भरला गेल्यावर मालकाने न्यायालयामार्फतच ताबा घ्यावा, आणि वस्तू परत नेल्यावर हिशेबात जास्तीची रक्कम निघाली तर ती घेणाऱ्याला द्यावी, अशी तरतूद त्यात होती. तो कायदा कधी लागूच केला गेला नाही आणि २००५ मध्ये तो रद्द झाला. माझ्या मते छोट्या उद्योजकाचे यात मोठे नुकसान झाले आहे. आज त्याचे संरक्षण करारातली कलमे, करार कायदा, रिझर्व्ह बँकेचे नियम आणि न्यायालयांचे निकाल यांच्यावरच अवलंबून आहे.

हे निकाल दोन दिशांनी बोलतात आणि दोन्ही नीट समजून घ्यावे लागतात. एकीकडे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये म्हटले की हायर परचेसमधली वस्तू हप्ते थकल्यावर करारानुसार परत नेणारा मालक चोरी करत नाही. २०२० मध्ये मॅग्मा फिनकॉर्पच्या प्रकरणात न्यायालयाने पुन्हा सांगितले की सर्व हप्ते फिटेपर्यंत फायनान्स कंपनीच मालक असते आणि हप्ते थकल्यावर ताबा घेण्यात कायद्याची आडकाठी नाही. आधी नोटीस द्यावी लागते की नाही हे कराराच्या अटींवर अवलंबून आहे. त्या प्रकरणात नोटिशीची अट पाळली गेली नव्हती, पण त्याबद्दल मिळालेली भरपाई किरकोळ होती, कारण घेणाऱ्याने मोजकेच हप्ते भरले होते. दुसरीकडे, २००७ मध्ये एका बँकेच्या प्रकरणात आणि २०११ मध्ये सिटीकॉर्प मारुतीच्या प्रकरणात याच न्यायालयाने बजावले की वसुलीसाठी गुंडांचा वापर चालणार नाही आणि हायर परचेसमध्येही ताबा कायदेशीर मार्गानेच घेतला पाहिजे. थोडक्यात, कंपनीला हक्क आहे, पण तो बळाने बजावता येत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बिगर-बँकिंग फायनान्स कंपनीच्या करारात ताबा घेण्याचे कलम असेल, तर त्यात काही गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या असायला हव्यात: ताब्याआधी किती दिवसांची नोटीस, कोणत्या परिस्थितीत ती माफ होते, ताबा कसा घेतला जाईल, विक्रीपूर्वी पैसे भरण्याची शेवटची संधी कशी मिळेल, पैसे भरल्यावर मशीन परत कशी दिली जाईल, आणि लिलाव कसा होईल. कराराची प्रत मिळणे हाही तुमचा हक्क आहे. ही कलमे शोधा, आणि नोटीस आली की त्यातल्या दिवसांशी ती ताडून पाहा. वसुली एजंटांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर थकबाकीसाठी फोन करण्याची मुभा नाही. तक्रारीला कंपनीने ३० दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते.

व्यवहारात व्हीएमसीचा ताबा मोटारीसारखा घेता येत नाही. अशी मशीन काही टन वजनाची असते. ती हलवण्यापूर्वी वीज आणि हवेच्या जोडण्या सोडवाव्या लागतात, टेबल आणि स्पिंडलहेड वाहतुकीच्या क्लॅम्पने बांधावे लागतात, नाहीतर वाटेत स्लाइड खराब होतात. मग लेव्हलिंग पॅड काढून, हायड्रा क्रेन किंवा फोर्कलिफ्ट लावून ती ट्रेलरवर चढवावी लागते. यासाठी शटर उघडे हवे, काही तास हवेत आणि गाळ्यातल्या माणसांचे सहकार्य हवे. कोणी कुलूप तोडून किंवा धमकावून आत शिरले तर तो अतिक्रमणाचा गुन्हा होऊ शकतो, मशीन कोणाचीही असो. अशा वेळी पोलिसांना बोलवावे, आलेल्यांची ओळखपत्रे आणि कंपनीचे अधिकारपत्र मागावे, आणि मोबाईलवर चित्रीकरण ठेवावे. पण आपणही हातघाईवर येऊ नये. सही करण्यासाठी ‘स्वेच्छेने मशीन परत केली’ असे छापील पत्र पुढे केले जाते. ते वाचल्याशिवाय आणि त्यावर मशीनची स्थिती, सुटे टूल, होल्डर आणि व्हाइस यांची यादी लिहिल्याशिवाय सही करू नये. कंट्रोलरमधले आपले प्रोग्रॅम आधीच दुसरीकडे काढून ठेवावेत, कारण मशीन गेल्यावर ते परत मिळवणे अवघड होते.

म्हणूनच अवजड मशिनीसाठी कंपन्या सहसा न्यायालयाचा रस्ता धरतात. करारात लवादाचे कलम असते; त्याच्या आधारे १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ९ खाली अर्ज करून मशीनवर रिसीव्हर, म्हणजे न्यायालयाच्या वतीने ताबा घेणारी व्यक्ती, नेमून मागितला जातो. रिसीव्हर मशीन प्रत्यक्ष उचलू शकतो किंवा ठरावीक रक्कम भरण्याच्या अटीवर ती कारखानदाराकडेच चालू ठेवू शकतो. दुसरा पर्याय मिळवायचा असेल तर पहिल्याच तारखेला वकिलामार्फत हजर राहून हप्त्यांचा ठोस प्रस्ताव मांडावा लागतो. न्यायालय कुठले हेही पाहावे: मशीन रबाळ्यात आणि लवादाचे ठिकाण चेन्नईत किंवा कोलकात्यात, असे करार दिसतात. लवाद कंपनीने एकतर्फी नेमला असेल, तर २०१९ पासूनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनुसार त्या नेमणुकीवर आक्षेप घेता येतो.

विक्रीनंतरचा हिशेब

तीन हप्ते थकले, करारानुसार नोटीस येऊन गेली, मशीन गेली आणि लिलावात १३ लाख ५० हजारांना विकली गेली, असे समजू. ती उचलणे, ठेवणे आणि उशिराचा आकार मिळून ६०,००० रुपये झाले. आता कंपनीचे पत्र येते: थकलेले ३ आणि पुढचे २५ असे २८ हप्ते, म्हणजे १८ लाख ४८ हजार, अधिक खर्च ६०,०००, वजा विक्री १३ लाख ५० हजार, बाकी ५ लाख ५८ हजार रुपये भरा.

या हिशेबात मोठी चूक आहे. पुढच्या २५ हप्त्यांत अजून न सुरू झालेल्या महिन्यांचा आकार मिसळलेला आहे. करार आज संपत असेल, तर उरलेल्या मुदतीचा आकार कंपनी मागू शकत नाही. १४.३ टक्के दराने त्या २५ हप्त्यांचे आजचे मूल्य काढले तर ते १६ लाख ५० हजार नव्हे, तर सुमारे १४ लाख १९ हजार होते. थकलेले १ लाख ९८ हजार आणि खर्च ६०,००० धरून एकूण १६ लाख ७७ हजार. त्यातून विक्रीची रक्कम वजा केली की बाकी ३ लाख २७ हजारांच्या आसपास निघते. म्हणजे २ लाख ३१ हजारांचा फरक फक्त या एका ओळीमुळे पडतो. अशा पत्राला लेखी उत्तर देऊन हप्तेवार तक्ता, लिलावाची नोटीस, आलेल्या बोली आणि मूल्यांकनाचा अहवाल मागावा. त्या प्रकारची मशीन जुन्या बाजारात जास्त किमतीला जाते याचे दोन-तीन लेखी भाव आपल्याकडे असतील, तर विक्री घाईने आणि कमी दरात झाली हा मुद्दा लवादापुढे मांडता येतो.

विक्रीत जास्त पैसे आले तर काय? कर्जाच्या करारात ती रक्कम कारखानदाराची. अस्सल हायर परचेसमध्ये मशीन कंपनीची असल्याने तसे कलम करारात असावे लागते, आणि १९७२ च्या कायद्याची उणीव इथेच सर्वांत जास्त भासते. म्हणून सही करतानाच हे कलम घालून मागावे. तोंडी आश्वासन पुरत नाही.

सुरुवातीला सही करून दिलेल्या कोऱ्या चेकचा प्रश्न राहतो. फुगवलेल्या बाकीचा आकडा भरून असा चेक वटवायला टाकला आणि तो परत गेला, तर परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १३८ खाली फिर्याद येऊ शकते. २०२२ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की चेक वटवायला टाकला त्या दिवशी तेवढे कायदेशीर देणे असले पाहिजे. मधल्या काळात काही रक्कम वळती झाली असेल तर पूर्ण रकमेचा चेक ते देणे दाखवत नाही. म्हणून मशीनच्या विक्रीची रक्कम खात्यात जमा झाल्याचा पुरावा आणि आपले लेखी हिशेबपत्र जपून ठेवावे, आणि फिर्यादीआधीची पैशांच्या मागणीची नोटीस आल्यापासून १५ दिवसांच्या आत त्याच आकड्यांवर उत्तर पाठवावे.